गोळीला भिंत लांबूनच कळते

प्रयोगशाळेतल्या टेबलावर काचेची उंच, अरुंद नळी उभी असते. तिच्यात पिवळसर, पारदर्शक एरंडेल तेल भरलेले असते. नळीवर दोन रबरबँड चढवलेले असतात, एक वरच्या बाजूला आणि दुसरा त्याखाली वीस सेंटिमीटरवर. शेजारच्या बशीत सायकलच्या बेअरिंगमधले बारीक छर्रे ठेवलेले असतात. मुले एकेक छर्रा चिमट्याने उचलतात, तेलात सोडतात आणि तो वरचा रबरबँड ओलांडताना स्टॉपवॉच सुरू करून खालचा ओलांडताना बंद करतात. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या बहुतेकांना हे दृश्य आठवत असेल.

मी बरीच वर्षे हा प्रयोग घेतला. एक गोष्ट मला फार उशिरा खटकली, ती आधीच खटकायला हवी होती. तीस अंश सेल्सिअसला एरंडेल तेलाची श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, तक्त्यात ०.४५ पास्कल-सेकंद दिलेली असते. मुलांची उत्तरे मात्र ०.५०, ०.५१, ०.५२ अशी येत. कुणाचे ०.४० आले असे क्वचितच घडे. आम्ही "मानवी चूक" असे लिहून वही पुढे सरकवत होतो. एकदा एका मुलीने विचारले, "मॅडम, स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला तर उत्तर कधी जास्त, कधी कमी यायला हवं ना? सगळ्यांचं जास्तच कसं येतं?"

तिचा प्रश्न अचूक होता. हाताची चूक दोन्ही बाजूंना पडते. सगळी उत्तरे एकाच बाजूला झुकत असतील तर मोजणाऱ्याला बोल लावून भागत नाही. सूत्रात धरलेली एखादी गोष्ट नळीत खरी नसते, एवढाच त्याचा अर्थ. ती गोष्ट म्हणजे नळीची भिंत.

आधी श्यानता म्हणजे काय ते पाहू, कारण मराठीत इथे एक नेहमीचा गोंधळ होतो. एरंडेल पाण्यापेक्षा "दाट" आहे असे आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण तेच एरंडेल पाण्यात ओतले तर वर तरंगते, म्हणजे त्याची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. दाटपणा आणि घनता या वेगळ्या गोष्टी आहेत. ठराविक जागेत किती वस्तुमान मावते ते घनता सांगते. द्रवाचा एक थर शेजारच्या थरावरून सरकू लागला की तो शेजारी किती ओढून धरतो, ते श्यानता सांगते. काकवी वाडग्यातून ओतताना वाडग्याला लागलेला थर जागचा हलत नाही, त्यावरचा थोडा सरकतो, त्याच्यावरचा आणखी थोडा. थरांची ही एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद काकवीत जास्त असते आणि पाण्यात कमी.

ही ओढ थेट मोजणे अवघड असते. तेलात पडणारी गोळी ते काम आपल्यासाठी करते.

दोन मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी घेऊ. तिचे वस्तुमान जेमतेम ३३ मिलिग्रॅम भरते. तेलात बुडल्यावर ती आपल्या आकाराइतके तेल बाजूला सारते. त्या तेलाचे वस्तुमान सुमारे ४ मिलिग्रॅम असल्यामुळे, आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे, तेवढा भार तेल उचलून धरते. उरलेला सुमारे २९ मिलिग्रॅमचा भार गोळीला खाली खेचत राहतो. त्याच्या विरुद्ध, वरच्या दिशेला, तेलाची ओढ असते. ही ओढ गोळी थांबलेली असताना शून्य असते आणि वेगाबरोबर वाढत जाते. म्हणजे गोळी जितकी वेग घेईल तितकी तिला अडवणारी ओढ मोठी होते. एका विशिष्ट वेगाला ती ओढ त्या २९ मिलिग्रॅमच्या भाराएवढी होते. आता गोळीवर एकूण बल शून्य असते, त्यामुळे वेग वाढत नाही आणि कमीही होत नाही. गोळी त्याच वेगाने तळापर्यंत जाते. हाच तिचा अंतिम वेग.

वेग स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून वरचे दहाएक सेंटिमीटर सोडून द्यावेत, असे प्रयोगवहीत लिहिलेले असते. सल्ला चांगला आहे, पण त्यामागे दिलेले कारण एरंडेलाला फारसे लागू पडत नाही. आपल्या गोळीला अंतिम वेगाच्या जवळ पोचायला सेकंदाचा शंभरावा भाग, फार तर दोन शंभरावे भाग पुरतात. तेवढ्या वेळात ती एक मिलिमीटरसुद्धा खाली गेलेली नसते. म्हणजे डोळ्यांना दिसण्याआधीच तिचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. वरचा भाग सोडायचा तो वेगळ्या कारणांसाठी. गोळी उंचावरून टाकली तर तिच्याबरोबर हवेचा बुडबुडा आत जातो आणि तो तिला चिकटला की छत्रीसारखा वर ओढत राहतो. तेलाचा पृष्ठभाग हलतो. गोळी नळीच्या मध्यावर न पडता बाजूला पडते. म्हणून ती आधी त्याच तेलात बुडवून घ्यावी आणि तेलाच्या पृष्ठभागाला टेकवून, मधोमध हलकेच सोडावी. पहिली गोळी तळाला जाईपर्यंत दुसरी सोडू नये, कारण पहिलीने ढवळलेल्या, तिच्या मागे खाली ओढल्या जाणाऱ्या तेलात दुसरी जास्त वेगाने पडते.

वेग स्थिर झाला की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे. दोन रबरबँडच्या बरोबर मध्ये तिसरा बसवायचा. वरचा आणि खालचा भाग ओलांडायला लागणारा वेळ सारखा आला, तर वेग स्थिर आहे. मात्र या ठिकाणी मी स्वतः अनेक वर्षे फसले. दोन्ही वेळा जुळल्या की मी मुलांना सांगायची, प्रयोग व्यवस्थित चालला आहे. वेग स्थिर असतो हे खरे, पण तो आपल्या सूत्राला हवा असलेला वेग असतो असे नाही. भिंतीने हळू केलेली गोळीही तितक्याच स्थिर वेगाने पडते.

हे सूत्र जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचे. आयर्लंडमध्ये जन्मलेले हे गणिती केंब्रिजला प्राध्यापक होते. त्यांचा मूळ प्रश्न गोळीचा नव्हता, लंबकाचा होता. हवेत झोके घेणाऱ्या लंबकाला हवा किती अडवते, हे त्यांना काढायचे होते. १८५१ साली छापलेल्या त्यांच्या लांबलचक निबंधात, द्रवातून संथपणे एकाच वेगाने जाणाऱ्या गोळीवरची ओढ त्यांनी गणिताने काढून दाखवली. ढगांतले पाण्याचे बारीक थेंब झटकन खाली का पडत नाहीत, याचाही उलगडा त्यांनी तिथेच केला. ही ओढ श्यानता, गोळीची त्रिज्या आणि वेग या तिन्हींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ती गोळीच्या तेलातल्या भाराबरोबर मांडली की अंतिम वेगाचे सूत्र मिळते:

v = 2r²(ρ − σ)g / 9η

यात v हा अंतिम वेग, r गोळीची त्रिज्या, ρ गोळीची घनता, σ द्रवाची घनता, g गुरुत्वीय त्वरण आणि η श्यानता. वेग मोजला की सूत्र उलटवून श्यानता काढता येते. त्रिज्येचा वर्ग तेवढा लक्षात ठेवावा. गोळीचा आकार दुप्पट केला तर वेग चौपट होतो. म्हणूनच त्रिज्या मोजताना झालेली एक टक्क्याची चूक उत्तरात दोन टक्क्यांची होते. दोन मिलिमीटरच्या गोळीत स्क्रू गेज एका बारीक खुणेने, म्हणजे ०.०१ मिलिमीटरने, चुकला तर श्यानता एक टक्क्याने बदलते.

स्टोक्सच्या गणितात मात्र एक अट आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. द्रव सर्व बाजूंना अमर्याद पसरलेला हवा. गोळीभोवती भिंत नको, तळ नको, पृष्ठभाग नको. आपली नळी आतून चार सेंटिमीटर रुंद असते.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. गोळी दोन मिलिमीटर व्यासाची, पोलादाची घनता ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तीस अंशाला एरंडेलाची ०.९५५. रबरबँडमधले अंतर २० सेंटिमीटर. दहा गोळ्या सोडून सरासरी वेळ ६.८ सेकंद आली असे धरू. म्हणजे वेग सेकंदाला २.९४ सेंटिमीटर. हे आकडे स्टोक्सच्या सूत्रात घातले की श्यानता येते ०.५०७ पास्कल-सेकंद. तक्त्यातली ०.४५१. आपले उत्तर बारा टक्क्यांनी जास्त आले. मुलांच्या वहीत दिसायचे तेच हे उत्तर. सूत्राप्रमाणे या गोळीने सेकंदाला ३.३१ सेंटिमीटर जायला हवे होते. ती हळू पडली म्हणून सूत्राला तेल आहे त्याहून दाट वाटले.

आता गोळी व्यासाने दोन मिलिमीटर आणि नळी चाळीस. नळी गोळीच्या वीसपट रुंद. गोळीपासून भिंत सर्व बाजूंनी जवळजवळ दोन सेंटिमीटर दूर आहे. एवढ्या मोकळ्या जागेत भिंतीचा त्रास कसा होईल, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटत होते. उत्तर त्या दाट तेलाच्या स्वभावात आहे.

गोळी खाली जाते तेव्हा तिला लागलेला तेलाचा थर तिच्याबरोबर खाली जातो. तो शेजारच्या थराला ओढतो, तो त्याच्या शेजारच्याला. गोळीच्या हालचालीची खबर अशी थराथराने दूरवर पोचते आणि फार सावकाश विरत जाते. गोळीच्या बाजूला दुप्पट अंतरावर गेलो तर तेलाची हालचाल साधारण निम्मीच होते. प्रकाश किंवा गुरुत्वाकर्षण दुप्पट अंतरावर एकचतुर्थांश होते, तशी ही हालचाल झपाट्याने मावळत नाही. द्रव अमर्याद असता तर वीस त्रिज्या बाजूला, म्हणजे जिथे आपली काच आहे त्या जागी, तेल गोळीच्या वेगाच्या सुमारे चार टक्के वेगाने खाली सरकत राहिले असते. पण तिथे काच आहे, आणि काचेला लागलेले तेल काचेबरोबर स्थिर राहते. म्हणजे चारही बाजूंनी काच त्या चार टक्क्यांना थोपवून धरते आणि ती थोपवणूक थराथराने परत गोळीपर्यंत येते. शिवाय नळीला तळ आहे. गोळी खाली जाते तेवढी जागा भरायला तेल वर यावे लागते आणि ते गोळी आणि भिंत यांच्यामधल्या जागेतूनच वर येते. या दोन्हीमुळे गोळी हळू होते.

किती हळू, हे काढायला गणितज्ञांना वेळ लागला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ लाडेनबुर्ग यांनी १९०७ साली भिंतीच्या परिणामाची दुरुस्ती मांडली. स्टोक्सच्या ओढीला एक अधिक २.४ गुणिले गोळी आणि नळी यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर, एवढ्याने गुणायचे. आपल्या अनेक प्रयोगवह्यांत अजून हाच २.४ चा आकडा असतो. पुढे १९२०च्या दशकात स्वीडनचे हिल्डिंग फाक्सेन यांनी हे गणित अधिक काटेकोर केले. त्यांच्या हिशेबात सुरुवातीचा आकडा २.४ नसून २.१०४ येतो, आणि त्यापुढे मोठ्या गोळ्यांसाठी आणखी बारीक पदे येतात. लहान गोळीसाठी फाक्सेनचा नियम एका वाक्यात सांगता येतो. गोळीचा व्यास नळीच्या व्यासाचा जितका भाग असेल, त्याच्या सुमारे २.१ पट भागाने वेग घटतो.

आपल्या गोळीचा व्यास नळीच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे पाच टक्के आहे. त्याच्या २.१ पट म्हणजे साडेदहा टक्के. वेग साडेदहा टक्क्यांनी घटलेला आहे. म्हणून मघाच्या ०.५०७ ला ०.८९५ ने गुणायचे. उत्तर येते ०.४५४. तक्त्यातल्या ०.४५१ च्या अगदी शेजारी. लाडेनबुर्गच्या जुन्या आकड्यानेही ०.४५३ येते, कारण एवढ्या लहान गोळीला दोन्ही दुरुस्त्या जवळजवळ सारख्याच पडतात. त्या मुलीचा प्रश्न सुटला तो इथे. तिच्या वर्गातली सगळी उत्तरे मी घरी बसून ०.८९५ ने गुणली, तेव्हा ती तक्त्यातल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरली. काही थोडी वर, काही थोडी खाली. हाताच्या चुका दिसायला हव्यात तशा.

मग रुंद भांडेच का घेऊ नये? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भिंतीचा परिणाम एका टक्क्यावर आणायचा तर भांडे गोळीच्या २१० पट रुंद हवे. दोन मिलिमीटरच्या गोळीसाठी ४२ सेंटिमीटर रुंद पिंप. ते अर्धा मीटर उंच भरायला सुमारे सत्तर लिटर एरंडेल लागेल, आणि तरीही तो एक टक्का उरेलच. उलट गोळी लहान केली तर? अर्ध्या मिलिमीटरची गोळी आपल्याच नळीत टाकली की भिंतीचा परिणाम अडीच टक्क्यांवर येतो. पण आता स्क्रू गेजची तीच ०.०१ मिलिमीटरची चूक व्यासात दोन टक्के आणि श्यानतेत चार टक्के होते. गोळीला वीस सेंटिमीटर जायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो. भिंतीपासून पळण्याच्या नादात आपण दुसरीकडे जास्त गमावतो. म्हणून शहाणपण दुरुस्ती करण्यात आहे.

ही दुरुस्ती सूत्रावर विश्वास ठेवून करायची नसेल, तर प्रयोगातूनही काढता येते, आणि मला तो मार्ग सर्वांत आवडतो. एकच गोळी दोन नळ्यांत सोडायची. दुसरी नळी पहिलीच्या बरोबर दुप्पट रुंदीची. चाळीस मिलिमीटरच्या नळीत फाक्सेनच्या हिशेबाने वेग २.९६ येतो, ऐंशीच्या नळीत ३.१३. नळी दुप्पट रुंद केल्याने वेगातली घट निम्मी झाली. याचा अर्थ दोन नळ्यांमधला फरक, ०.१७, हाच ऐंशीच्या नळीत अजून उरलेल्या घटीएवढा आहे. तो तिथल्या वेगात मिळवला की ३.३० येतात. अमर्याद तेलात गोळीचा वेग ३.३१ असायला हवा. ज्या भांड्याला भिंतच नाही त्यातला वेग आपण दोन नळ्यांवरून काढला आणि त्यासाठी एक बेरीज पुरली.

वेगवेगळ्या आकाराच्या गोळ्या टाकूनही भिंत उघडी पडते. स्टोक्सप्रमाणे वेगाला त्रिज्येच्या वर्गाने भागले की प्रत्येक गोळीला तोच आकडा यायला हवा. प्रत्यक्षात गोळी मोठी होत जाते तसा तो आकडा उतरत जातो. चार मिलिमीटरच्या गोळीने सूत्राप्रमाणे सेकंदाला सव्वातेरा सेंटिमीटर जायला हवे, पण आपल्या नळीत भिंतच तिला साडेदहावर आणते. वहीत त्रिज्येच्या वर्गासमोर वेगाचा आलेख काढायला लावतात तो यासाठी. मुले मात्र बिंदूंतून पट्टीने सरळ रेष ओढून मोकळी होतात. वरच्या टोकाला बिंदू रेषेखाली वाकताना दिसले तर ते वाकणे पुसून टाकू नये. त्यात भिंत दिसते.

त्या वाकण्याला दुसरे एक कारणही असू शकते आणि ते ओळखायला हवे. स्टोक्सची दुसरी अट आहे संथपणाची. तेल गोळीला वळसा घालून पुन्हा शांतपणे जुळले पाहिजे, मागे भोवरे राहता कामा नयेत. हे तपासायला रेनॉल्ड्झ अंक वापरतात. द्रवाची घनता, गोळीचा वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागायचे. उत्तर एकापेक्षा खूपच कमी आले तर स्टोक्सचे सूत्र चालते. आपल्या हिशेबात ते ०.१२ येते, म्हणजे ठीक आहे. तरीही एक-दोन टक्क्यांचा परिणाम यातूनही होऊ शकतो. तो आपल्या स्क्रू गेजच्या आणि थर्मामीटरच्या चुकीत बुडून जातो, म्हणून मी इथे थांबते.

हीच गोळी पाण्यात टाकली तर काय होते ते पाहा. स्टोक्सचे सूत्र म्हणेल, तिचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे पंधरा मीटर. घाटातून उतरणाऱ्या एसटीचा वेग! खरी गोळी पाण्यात सेकंदाला साठ-बासष्ट सेंटिमीटरच्या आसपास स्थिरावते. तो खरा वेग सूत्रात घालून श्यानता काढली तर पाणी आहे त्याच्या वीसपटीहून अधिक दाट ठरते. सूत्र कुठेही तक्रार करत नाही, आकडा निमूटपणे देते. तो चुकला आहे हे फक्त रेनॉल्ड्झ अंक सांगतो, कारण या वेळी तो हजाराच्या पुढे जातो. पोलादी गोळीने पाण्याची श्यानता या सूत्राने मोजता येत नाही, ती याच कारणामुळे. भिंत आणि वेग यांपैकी दोषी कोण, हे ठरवायची रीतही सोपी आहे. नळी बदलल्यावर आकडा बदलला तर भिंत. नळी बदलूनही फारसा फरक पडला नाही, पण गोळी बदलल्यावर पडला, तर वेग.

तापमानाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण भिंतीखालोखाल मोठी चूक तिथेच होते. एरंडेलाची श्यानता वीस अंशाला ०.९९ च्या जवळ, तीसला ०.४५ आणि चाळीसला ०.२३ पास्कल-सेकंद असते. दहा अंशांत साधारण निम्मी. म्हणजे तीस अंशांच्या आसपास दर अंशाला सुमारे सात टक्के. खोलीच्या भिंतीवरचा थर्मामीटर वाचून वहीत आकडा लिहिला आणि तेल प्रत्यक्षात दीड अंश थंड असले, तर भिंतीच्या दुरुस्तीवर केलेली सगळी मेहनत वाया जाते. थर्मामीटर तेलात बुडवायचा, प्रयोगाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. खिडकीतून ऊन नळीवर येत असेल तर पडदा ओढायचा.

ग्लिसरीन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. ते हवेतली वाफ शोषून घेते. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता वीस अंशाला १.४१ पास्कल-सेकंद असते, वजनाने पाच टक्के पाणी शिरले की ती ०.५२ वर येते. पावसाळ्यात आठवडाभर उघड्या राहिलेल्या नळीत जून महिन्याचे आकडे परत येत नाहीत. इथे मुलांची उत्तरे तक्त्याच्या खाली जातात. भिंत नेहमी उत्तर वाढवते आणि पाणी नेहमी उतरवते, एवढे ध्यानात ठेवले तर वही पाहूनच रोग ओळखता येतो. दोन्ही एकाच वेळी असतील तर मात्र ती एकमेकांना झाकतात. मग तक्त्याशी जुळलेले उत्तरसुद्धा चुकीचे असू शकते.

आतापर्यंत भिंत ही अडचण म्हणून आली. एका जर्मन अभियंत्याने तिला कामाला लावले. फ्रिट्झ होप्लर यांच्या नावाचे श्यानतामापक १९३०च्या दशकापासून रंग, तेल आणि औषधांच्या कारखान्यांत वापरले जाते. त्यातली काचेची नळी आतून जेमतेम सोळा मिलिमीटर रुंद असते, आणि नेहमीच्या द्रवांसाठीची गोळी तिच्यात जेमतेम मावेल एवढी, नळीपेक्षा मिलिमीटरच्या काही दशांशांनी लहान. नळी सरळ उभी नसते, ती उभ्या रेषेपासून दहा अंश कललेली असते. त्यामुळे गोळी डगमगत मधोमध तरंगत राहत नाही, एका बाजूच्या भिंतीला टेकून घरंगळत खाली उतरते आणि प्रत्येक वेळी नेमकी तशीच उतरते. नळीभोवती पाण्याचे आवरण असते, त्यातून ठराविक तापमानाचे पाणी फिरवतात. दोन खुणांमधले दहा सेंटिमीटर पार करायला लागलेला वेळ मोजला की उपकरण उलटे करतात आणि गोळी परत येते.

इथे स्टोक्सचे सूत्र लागू पडण्याचा प्रश्नच नाही, कारण गोळीभोवतीचा सगळा प्रवाह त्या अरुंद फटीतून जातो. त्याऐवजी प्रत्येक गोळीला एक स्थिरांक असतो. तो स्थिरांक, गोळी आणि द्रव यांच्या घनतांमधला फरक आणि लागलेला वेळ, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे श्यानता. स्थिरांक गणिताने काढत नाहीत. ज्याची श्यानता आधीच पक्की माहीत आहे असा द्रव नळीत भरून गोळी सोडतात आणि वेळेवरून स्थिरांक ठरवतात. त्या माहीत असलेल्या द्रवाची श्यानता दुसऱ्या एखाद्या द्रवाशी ताडून घेतलेली असते, त्याची आणखी तिसऱ्याशी. मागे मागे जात ही साखळी शेवटी पाण्यापाशी पोचते. वीस अंशाच्या शुद्ध पाण्याची श्यानता १.००१६ मिलिपास्कल-सेकंद मानली जाते आणि जगातली श्यानतेची मापे तिच्यावर टेकलेली आहेत. तो आकडा बारीक केशनळीतून पाणी वाहू देऊन मोजला गेला. आपल्या पोलादी गोळीला जे पाणी स्टोक्सच्या सूत्राने मोजता येत नव्हते, त्याच पाण्याशी कारखान्यातली गोळी रोज जुळवून घेतली जाते.